'हा' म्हणजे नेमका कोण?

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो लियोंला पोहोचून आठ दिवस झाले होते. हॉस्टेलची खोली महिनाअखेरपर्यंतच होती, आणि वर्गातल्या दोघांबरोबर एक फर्निचरसकट फ्लॅट बघून ठेवला होता. "मावशी, नऊ पानी करार आलाय. शुक्रवारी सही आहे. सगळं वाचायला नको, फक्त सहभाडेकरूचं कलम मराठीत करून दे. आईला समजलं पाहिजे."

मी पुण्यात गेली अठरा वर्षं फ्रेंचमधून भाषांतरं करते. बहुतेक यंत्रांची माहितीपत्रकं, अधूनमधून जन्मदाखले आणि लग्नाचे दाखले. भाडेकरार फार केले नाहीत, पण चार ओळींचं कलम म्हणजे चहा निवेपर्यंत होईल असं वाटलं. झालंही. अर्ध्या तासात पाठवून दिलं.

रात्री पुन्हा फोन. "मावशी, तू लिहिलंयस की 'निघून जाणारा सहभाडेकरू भाड्याला बांधील राहतो'. पण माझ्या रूममेटला विचारलं तर तो म्हणतो की तिथे 'निघून जाणारा' असं लिहिलेलंच नाही."

मूळ उघडून पाहिलं. खरंच नव्हतं. तिथे फक्त 'सल्वी-सी' होतं, म्हणजे 'हा'. 'निघून जाणारा' मी माझ्या पदरचं घातलं होतं, तेही न कळत. भाषांतरकाराचा हात असाच चालतो. वाक्य अडखळलं की आपण ते सरळ करून पुढे जातो आणि वाचणाऱ्याला खड्डा होता हे कळतही नाही. जाहिरातीच्या मजकुरात ते चालतं. करारात खड्डा दाखवणं हेच काम असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी करार छापून घेतला, रंगीत पेन्सिली काढल्या आणि नव्याने बसले.

कलम असं होतं. मुद्दाम ओबडधोबड मराठीत देते, फ्रेंच सर्वनामांच्या जागी नुसती मराठी सर्वनामं ठेवून:

"एखादा सहभाडेकरू निघून गेल्यास 'भाडेकरू' त्याची कल्पना 'घरमालकाला' देतो आणि त्याला बदली माणूस सुचवतो. हा त्याची बदली प्रत्यक्ष होईपर्यंत भाडे आणि खर्च यांना बांधील राहतो. तसे न झाल्यास तो रिकामा वाटा एकटा सोसतो. त्याची कोसियों त्याला कराराच्या शेवटी परत केली जाते."

चार वाक्यं. 'कोसियों' हा शब्द मुद्दाम तसाच ठेवलाय, त्याचं पुढे सांगते. मराठीतसुद्धा वाचताना कपाळाला आठी पडते, पण फ्रेंचमध्ये हेच वाक्य अगदी सराईत, वकिली थाटात वाहत जातं. ऐकायला गुळगुळीत लागतं म्हणून कोणी थांबत नाही.

फ्रेंचमध्ये ही गोची इतक्या सहज का होते, ते मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट कळलं. करारातली जवळजवळ सगळी मंडळी पुल्लिंगी आहेत. 'बायर' म्हणजे घर भाड्याने देणारा, 'लोकातेर' म्हणजे भाडेकरू, 'कोलोकातेर' म्हणजे सहभाडेकरू, 'राँप्लासाँ' म्हणजे बदली माणूस, 'मांदातेर' म्हणजे मालकाच्या वतीने काम करणारी एजन्सी. एवढंच नाही, 'लोज्माँ' म्हणजे घर, 'ल्वाये' म्हणजे भाडं, 'बाय' म्हणजे करार, हेही पुल्लिंगी. तेव्हा 'इल' म्हणजे 'तो' असं आलं की रांगेत सहा-सात उमेदवार उभे असतात.

दुसरं त्याहून वाईट. फ्रेंचमध्ये 'सों, सा, से' हे शब्द वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतात, मालकाच्या नाही. 'सा कोसियों' म्हणजे त्याची, तिची किंवा आपली, काहीही असू शकतं. आपल्याकडे निदान एक सोय आहे. 'सुरेशने रमेशला आपली छत्री दिली' म्हटलं की छत्री सुरेशची. 'त्याची छत्री दिली' म्हटलं की ती बहुधा रमेशची किंवा तिसऱ्याच कोणाची. 'आपली' हा शब्द कर्त्याला चिकटतो. फ्रेंचमध्ये दोन्हींना एकच शब्द. म्हणून फ्रेंच वाक्य मराठीत आणताना प्रत्येक 'सों'पाशी मला थांबून ठरवावंच लागतं: आपला की त्याचा? आणि ठरवता आलं नाही की समजायचं, इथे मूळातच घोळ आहे. भाषांतर हे तपासणीचं हत्यार म्हणून वापरता येतं हे अठरा वर्षांत लक्षात आलं नव्हतं, कारण मी नेहमी ठरवून मोकळी व्हायचे.

मग पद्धत अशी ठेवली. प्रत्येक सर्वनामाला गोल केला. 'इल' आणि 'सल्वी-सी' तर उघडच दिसतात. पण 'ल्वी' म्हणजे 'त्याला' किंवा 'तिला', 'लर' म्हणजे 'त्यांना' किंवा 'त्यांचा', 'आँ' म्हणजे 'त्यातलं, त्याबद्दलचं', हे छोटे शब्द डोळ्यांतून निसटतात. स्वरापुढे नुसतं 'ल' उरतं तेव्हा तर लिंगही पुसलं जातं. गोल झाला की समासात त्या सर्वनामाशी लिंगवचनाने जुळणारे सगळे उमेदवार लिहायचे. मग एकेकाला वाक्यात बसवायचं आणि क्रियापद काय म्हणतंय ते ऐकायचं. शेवटी एकच प्रश्न: उमेदवार बदलला तर कोणाच्या खिशातून जाणारे पैसे बदलतात का? बदलत नसतील तर तो गोल खोडायचा. घोळ म्हणून घोळ शोधत बसले तर नऊ पानांत शंभर सापडतील.

खोडले गेलेले बरेच होते. 'भाडेकरू ज्या जागेचा एकट्याने उपभोग घेतो तिथल्या नुकसानीची जबाबदारी त्याची' यात सर्वनामं तीन, पण उपभोग घेणारा एकच असू शकतो. 'त्याच्या बँक खात्यात भाडं जमा होतं' हेही तसंच, भाडं मालकाशिवाय कोणाच्या खात्यात जमा होणार? अर्थ ठरवायला नेहमी व्याकरण लागतं असं नाही. आमच्या कलमात मात्र पाच गोल उरले.

पहिला 'सल्वी-सी'. फ्रेंच शाळेत शिकवतात की हा शब्द सगळ्यात जवळच्या नामाकडे बोट दाखवतो. जवळचं नाम होतं 'बदली माणूस'. म्हणजे नियमाने वाचलं तर बदली माणूसच, त्याची बदली होईपर्यंत, भाड्याला बांधील राहतो. हे हास्यास्पद आहे हे कळायला वकील नको. शिवाय क्रियापद 'दमर' होतं, 'राहतो', म्हणजे जो आधीपासून बांधील आहे तोच पुढे राहणार. अजून आलाच नाही तो कसा राहील? तेव्हा बदली माणूस बाद. उरले दोन: निघून जाणारा सहभाडेकरू किंवा 'भाडेकरू'.

आणि इथेच पहिल्या पानावर जावं लागलं.

पहिल्या पानावर तिघांची नावं होती आणि खाली ओळ: 'यापुढे एकत्रितपणे "भाडेकरू" असा उल्लेख'. फ्रेंचमध्ये अशा ठरवून दिलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. देवनागरीत मोठं अक्षर नसतं, म्हणून माझ्या पहिल्या भाषांतरात ही खूण पार धुऊन गेली होती. या वेळी मी तो शब्द जिथे जिथे मोठ्या अक्षराने आला तिथे खाली रेघ मारली. करारात मोठ्या अक्षराचा भाडेकरू बावीस वेळा होता. लहान अक्षराचा सात वेळा. त्याशिवाय 'सहभाडेकरू' पाच वेळा, विम्याच्या कलमात आणि घराच्या स्थितीच्या कलमात मिळून 'प्रनर' तीन वेळा, आणि एका ठिकाणी नुसता 'राहणारा'. व्याख्या होती फक्त पहिल्याची.

'प्रनर' हा काही चुकीचा शब्द नाही. फ्रेंच दिवाणी संहितेत भाड्याने घेणाऱ्याला प्रनरच म्हणतात, तर १९८९ चा भाडेकायदा त्याला लोकातेर म्हणतो. एकाच करारात दोन्ही दिसले की ओळखावं, कलमं दोन वेगवेगळ्या जुन्या नमुन्यांतून उचलली आहेत आणि जोडताना कोणी एकसलग वाचलेली नाहीत. जोडकामाचा टाका दिसतो तो असा. दोन शब्दांनी एकच माणूस सांगायचा असेल तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते इथे की मोठ्या अक्षराचा 'भाडेकरू' म्हणजे तिघं मिळून एक, आणि लहान अक्षराचा म्हणजे कधी तिघं, कधी त्यांच्यातला कोणीही एक.

आता दुसरा गोल, 'तो रिकामा वाटा एकटा सोसतो'. या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 'एकटा' म्हणजे फ्रेंचमध्ये 'सल', एकवचनी पुल्लिंगी. मला वाटलं होतं, एकवचन आहे म्हणजे निघून जाणारा एकटाच, संपलं. पण तिघांची व्याख्याच एकवचनात केलेली! 'भाडेकरू' हा शब्दच एकवचनी असल्यामुळे तिघांबद्दल बोलतानाही 'सल'च येणार. व्याख्या 'सहभाडेकरू' अशी अनेकवचनात असती तर 'सल'ला अनेकवचनाचा एस लागला असता आणि वाक्याने स्वतःच उत्तर दिलं असतं. शब्दाची व्याख्या एकवचनात केली आणि व्याकरणाने दिलेली एकुलती एक खूण हातची गेली.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मावशी, एका एससाठी एवढं?" म्हटलं, कागद घे, हिशोब करू.

तिघांचं मिळून भाडं १२९० युरो, खर्चाचे १५०, एकूण १४४०. एकाचा वाटा ४८०. समज, तू मध्येच इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात गेलास. फर्निचरच्या घरात नोटीस एक महिन्याची असते. नोटिशीचा महिना संपला आणि बदली मिळाला नाही. 'तो' म्हणजे जाणारा, असा अर्थ घेतला तर दरमहा ४८० तुझ्या एकट्याच्या डोक्यावर, दोन ठिकाणी भाडं. 'तो' म्हणजे तिघं मिळून 'भाडेकरू' असा घेतला तर रिकाम्या वाट्याचे प्रत्येकी १६०. आणि उरलेले दोघं म्हणाले की आता भाडेकरू म्हणजे आम्ही दोघंच, तर त्यांचे प्रत्येकी २४० आणि तुझा शून्य. सहा महिन्यांचा हिशोब धर. तुझ्याकडून २८८०, किंवा ९६०, किंवा काहीच नाही. पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बाकीच्या दोघांना पण सांगतो."

सहा महिनेच का धरले, ते सांगते. कलमात 'त्याची बदली प्रत्यक्ष होईपर्यंत' म्हटलं होतं, म्हणजे मुदतच नाही. पण फ्रान्सच्या ६ जुलै १९८९ च्या भाडेकायद्यात सहभाडेकरूंसाठी एक वेगळं कलम आहे, ८-१. जो सहभाडेकरू रीतसर नोटीस देतो त्याची सामूहिक जबाबदारी नोटीस लागू होण्याच्या तारखेला संपते, जर तोवर नवा सहभाडेकरू करारात आला असेल. नसेल, तर त्या तारखेनंतर जास्तीत जास्त सहा महिन्यांनी ती आपोआप विझते. त्याच्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाचीही. हा कायदा करारातल्या वाक्याने बाजूला सारता येत नाही. तेव्हा 'बदली होईपर्यंत' याचा अर्थ कसाही लावला तरी सहा महिन्यांपलीकडे तो चालणार नव्हता.

गंमत म्हणजे कायद्याच्या त्या परिच्छेदातही सर्वनामं आहेत, आणि 'आ देफो' म्हणजे 'तसे न झाल्यास' हे शब्दही आहेत. पण तिथे पुढचं सर्वनाम 'एल' हे स्त्रीलिंगी अनेकवचन आहे आणि आसपास स्त्रीलिंगी जोडी एकच: सहभाडेकरूची जबाबदारी आणि त्याच्या जामिनाची जबाबदारी. दुसरा उमेदवारच नाही. सर्वनाम वापरणं हा काही गुन्हा नव्हे, ते जिथे बसवलंय तिथे त्याच्याशी जुळणारं दुसरं नाम नसलं की झालं. आमच्या कलमात 'आ देफो' मात्र अधांतरी लोंबत होतं. तसे न झाल्यास, म्हणजे काय न झाल्यास? कल्पना दिली नाही तर? माणूस सुचवला नाही तर? की सुचवलेला मालकाने नाकारला तर? शेवटच्या प्रकारात मालक स्वतःच माणसं नाकारत बसून वाटा वसूल करत राहू शकतो. हा तिसरा गोल.

चौथा आणि पाचवा शेवटच्या वाक्यात. 'त्याची कोसियों त्याला परत केली जाते.' कोसियों या शब्दाने फ्रान्समध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी फसवलेलं असणार. बोलण्यात लोक अनामत रकमेला कोसियों म्हणतात. कायद्यात अनामत म्हणजे 'देपो द गारांती', आणि कोसियों म्हणजे जामीन राहणारा माणूस. आमच्या करारात दुसऱ्या पानावर रक्कम बरोबर 'देपो द गारांती' अशीच होती, २५८० युरो, म्हणजे मूळ भाड्याच्या दोन महिन्यांइतकी. फर्निचरच्या घरासाठी कायद्याने तेवढीच मर्यादा आहे. सातव्या पानावर 'कोसियों' या शब्दाने जामीनदार माणूस म्हटला होता. आणि आमच्या कलमात ती कोसियों 'परत केली जाते'. माणूस परत कसा करणार? तेव्हा इथे रक्कमच अभिप्रेत आहे, हे ओळखता येतं. पण मग सातव्या पानावर 'कोसियों कराराच्या शेवटपर्यंत राहते' असं जे लिहिलंय, त्यात माणूस शेवटपर्यंत बांधील की रक्कम शेवटपर्यंत पडून? दोन्ही अर्थ ठीक बसतात. शब्द एका ठिकाणी सैल सोडला की दुसऱ्या ठिकाणचा अर्थही ढिला होतो.

हा नुसता शब्दच्छल नव्हता. भाच्यासाठी जामीन राहणारे होते त्याच्या वडिलांचे जुने मित्र, पॅरिसजवळ राहणारे. त्यांना मी 'काका' म्हणते. काकांनी विचारलं होतं, "पोरगं निघून गेलं तर माझं काय?" बरोबर प्रश्न. जामीनपत्राचा नमुना करारासोबत होता तो काढून पाहिला. त्यात लिहिलं होतं की जामीनदार 'भाडेकरूच्या' देण्यांसाठी जबाबदार. मोठं अक्षर. म्हणजे पहिल्या पानावरची व्याख्या लावली तर काका आमच्या एकट्याच्या पोरासाठी नाही, तिघांसाठी जामीन. अनोळखी दोन मुलांच्या भाड्यासाठीसुद्धा.

इथे मात्र कायदा आमच्या बाजूला पडला, आणि तोही अनपेक्षित रीतीने. त्याच ८-१ कलमात म्हटलंय की सहभाड्याच्या जामीनपत्रात कोणता सहभाडेकरू गेल्यावर या जामिनाची जबाबदारी संपेल, त्याचं नाव असलंच पाहिजे, नाहीतर जामीनपत्र रद्दबातल. आमच्या नमुन्यात तसं नाव कुठेही नव्हतं. घोळाचा फटका नुसता आम्हालाच नव्हता. पुढे कधी पैसे थकले असते तर मालकाच्या हातातलं जामीनपत्रच कोरा कागद ठरण्याची शक्यता होती.

हे मी स्वतःच्या भरवशावर ठरवलं नाही. भाच्याला म्हटलं, लियोंमध्ये 'आदिल'चं कार्यालय आहे, घरांच्या प्रश्नांवर फुकट कायदेशीर माहिती देतात, तिथे कागद घेऊन जा. बुधवारी गेला. तिथल्या बाईंनी जामीनपत्राबद्दल हेच सांगितलं, सहा महिन्यांबद्दलही. एक गोष्ट मात्र मी नीट वेगळी केली नव्हती ती त्यांनी केली. सामूहिक जबाबदारी म्हणजे मालक तिघांपैकी कोणाकडूनही पूर्ण १४४० मागू शकतो. रिकाम्या वाट्याचे पैसे तिघांनी आपसात कसे वाटायचे, हा अगदी वेगळा प्रश्न, त्यात मालकाचा संबंध नाही. आमच्या कलमातलं 'एकटा सोसतो' हे या दोन्हींची खिचडी करत होतं. मालकाशी केलेल्या करारात ते वाक्य मुळात कशाला हवं, असा त्यांचा सवाल. मी पाच गोलांत अडकले होते आणि हे वाक्यच नको, हे सुचलं नव्हतं.

मी भाच्याला त्यांना विचारायला सांगितलं होतं की असाच सही केला आणि पुढे भांडण झालं तर? उत्तर असं: दिवाणी संहितेच्या ११९० कलमाप्रमाणे, एका बाजूने तयार करून दुसऱ्यापुढे ठेवलेला, वाटाघाटी न झालेला करार असेल तर शंकेचा फायदा तो न लिहिणाऱ्याला मिळतो. ऐकायला छान. पण ११९२ म्हणतं, स्पष्ट कलमाचा अर्थ लावत बसायचं नाही. तेव्हा न्यायाधीशापुढे आधी हेच सिद्ध करावं लागेल की कलम अस्पष्ट आहे, आणि समोरचा म्हणणार, लख्ख आहे. २८८० युरोंसाठी, परीक्षांच्या दिवसांत. त्यापेक्षा आज एक ईमेल बरा.

ईमेल मी फ्रेंचमध्ये लिहिला, भाच्याच्या नावाने. पहिला मसुदा फार झाला होता. पाच सर्वनामं, चार शब्द, तक्ता, सगळं. रात्री वाचला तर शाळेतल्या बाईंनी निबंध तपासल्यासारखा वाटला. एजन्सीतल्या माणसाला व्याकरण शिकवून काय मिळणार? सगळं पुसलं. तीन प्रश्न ठेवले, प्रत्येकात नावं घालून. 'आमच्यापैकी अ निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी ब आणि क यांनी एक माणूस सुचवला, मालकाने तो नाकारला, तर रिकाम्या वाट्याची ४८० ची रक्कम कोण देईल: अ, की ब आणि क, की तिघं?' तसाच एक अनामतीबद्दल. आणि तिसरा, जामीनपत्रात ८-१ प्रमाणे सहभाडेकरूचं नाव नाही, ते घालाल का? शेवटी एक वाक्य, की हे मालकाच्याही हिताचं आहे.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. पहिल्या प्रश्नावर लिहिलं होतं, 'अर्थातच निघून जाणारा.' दोन तासांनी त्याच एजन्सीतल्या दुसऱ्या बाईंचा भाच्याला फोन, 'काळजी नको, उरलेले दोघं देतील, नेहमी तसंच असतं.' त्याने दोन्ही उत्तरं एकाच मेलमध्ये जोडून परत पाठवली. एक शब्दही जास्तीचा लिहिला नाही. शाबास.

संध्याकाळी नवीन कलम आलं. हा बदल जामीनपत्रामुळे झाला यात मला शंका नाही. त्यात आता 'बाहेर पडणारा सहभाडेकरू' अशी वेगळी व्याख्या होती, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी पूर्ण तोच शब्द. वाचायला कंटाळवाणं, त्याच त्या शब्दाचे खिळे ठोकल्यासारखं. मला ते फार सुंदर वाटलं. जबाबदारी कधी संपते ते कायद्यातल्या शब्दांतच उतरवलेलं. 'एकटा सोसतो' गेलं. कोसियोंच्या जागी 'देपो द गारांती' आलं, आणि ती रक्कम घर पूर्ण रिकामं झाल्यावरच परत मिळेल, जाणाऱ्याने आपला हिस्सा नव्या येणाऱ्याकडून घ्यावा, असं सरळ लिहिलं. हे आमच्या फायद्याचं नव्हतं, पण निदान काय आहे ते कळत होतं. जामीनपत्रात भाच्याचं नाव आलं. काकांना मी ते वाक्य फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या पानावर १५० युरो खर्च 'फोर्फे' म्हणजे ठरलेली उक्ती रक्कम आणि सहाव्या पानावर तोच खर्च 'प्रोव्हिजियों' म्हणजे आगाऊ रक्कम, वर्षअखेरीला प्रत्यक्ष खर्चाशी हिशोब जुळवून घ्यायची. सहभाड्यात दोन्ही चालतात, पण एकाच करारात एकच असायला हवं. उक्त्यात वर्षाच्या शेवटी काही मागता येत नाही, आगाऊत येतं. माझं लक्ष सर्वनामांत इतकं होतं की हा विसंवाद मी गुरुवारी रात्री पाहिला, म्हणजे नवीन मसुदा आल्यावर. शुक्रवारी सकाळी भाच्याने एजन्सीत जाऊन तोंडी सांगितलं. त्यांनी सहाव्या पानावरचा परिच्छेद पेनाने खोडला, आणि तिघांनी आणि एजन्सीने समासात आद्याक्षरं केली.

सह्या झाल्या. चाव्या घेताना घराच्या स्थितीचा तक्ता भरायचा होता, भिंती, नळ, गाद्या. पुण्यात रात्रीचे नऊ वाजले होते तेव्हा भाच्याचा मेसेज आला, सोबत फोटो. तक्त्याच्या तळाशी छापलं होतं 'ल प्रनर', आणि खाली सहीसाठी एकच चौकोन, काडेपेटीएवढा.

"मावशी, इथे कोणी सही करायची?"

मी लिहिलं, तिघांनी. अक्षरं बारीक काढा, आणि प्रत्येकाने सहीखाली आपलं पूर्ण नाव लिहा.